पाय आखडले की अंथरूणही आखडते

सरकारी तूट वाढली की अंथरूण पाहून पाय पसरण्याची म्हण हमखास पुढे येते. घराला ती लागू पडते, कारण खर्च कमी केला म्हणून घरातल्या कुणाचा पगार कमी होत नाही. सरकारचे तसे नसते. त्याचा खर्च म्हणजे कुणाचा तरी पगार, कुणाचे तरी बिल, कुणाची तरी पेन्शन. आणि याच उत्पन्नातून त्याच्याकडे कर येतो. पाय आखडले की अंथरूणही थोडे आखडतेच. खर्चातला एक रुपया कापला की देशाचे उत्पन्न किती घटते, हाच वाद आहे आणि त्या ‘किती’चे नाव गुणक. अर्थतज्ज्ञ रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये हे गणित मांडले. केन्स यांनी पुढे त्याभोवती सिद्धान्त उभा केला.

आकडे घालून पाहू. देशाचे उत्पन्न १००, कर्जही १००. उत्पन्नातले ४० टक्के कररूपाने तिजोरीत येतात आणि सरकार खर्चात १ ची कपात करते. गुणक ०.५ असेल तर उत्पन्न ९९.५ वर येते, कर ०.२ ने घटतो, सरकारच्या हाती ०.८ उरतात. कर्ज ९९.२, म्हणजे उत्पन्नाच्या ९९.७ टक्के. कपात सार्थकी लागली. आता गुणक १.५ धरा. उत्पन्न ९८.५, कर ०.६ ने कमी, हाती उरले ०.४. कर्ज ९९.६ झाले खरे, पण ते उत्पन्नाच्या १०१.१ टक्के! कर्ज फेडूनही कर्जाचा बोजा वाढला. (हे पहिल्या वर्षाचे चित्र, गुणकाचा परिणाम पुढे ओसरू शकतो. पण सरकारे पहिल्याच वर्षांत पडतात.)

ग्रीसमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडले. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचे कर्ज कठोर कपातीच्या अटीवर मिळाले. २०१२ पासून वाढ सुरू होईल, असा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा अंदाज होता. प्रत्यक्षात अर्थव्यवस्था २००८ ते २०१३ दरम्यान सुमारे एक चतुर्थांशाने आकसली आणि बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली. कर्जाचे प्रमाण २००९ मध्ये सुमारे १२७ टक्के होते. २०१२ मध्ये खासगी धनकोंनी शंभर अब्ज युरोंहून अधिक रकमेवर पाणी सोडले, तरी २०१४ मध्ये ते १८० टक्क्यांच्या आसपास होते. अंदाज चुकले कुठे, हे नाणेनिधीचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार आणि डॅनियल ली यांनीच तपासले: युरोपसाठीच्या अंदाजांत गुणक साधारण ०.५ धरला गेला होता, खरा ०.९ ते १.७ दरम्यान असावा. संस्थेने स्वतःची चूक अशी छापावी, हे विरळाच.

मग कपातीनंतर भरभराट झाल्याची उदाहरणे खोटी का? नाहीत. आयर्लंडने १९८७ पासून आणि कॅनडाने १९९५ च्या अर्थसंकल्पापासून खर्चाला खरोखर कात्री लावली आणि दोन्ही देश वाढले. आल्बेर्तो आलेसिना यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशाच प्रसंगांवरून म्हटले, की खर्चकपात करवाढीपेक्षा कमी जाचते आणि विश्वास वाढवून गुंतवणूक खेचते. पण आयर्लंडने १९८६ मध्ये चलनाचे अवमूल्यन केले होते आणि शेजारी ब्रिटन तेजीत होता. कॅनडाचे व्याजदर उतरत होते, त्याचा डॉलर स्वस्त होता, अमेरिका भरभरून खरेदी करत होती. सरकारने सोडलेली जागा निर्यातदारांनी आणि स्वस्त कर्जाने भरली. ग्रीसकडे स्वतःचे चलन नव्हते, युरोचे व्याजदर आधीच तळाशी होते आणि शेजारीही एकाच वेळी खर्च कापत होते. म्हणून मला ‘विश्वास’ हे उत्तर अपुरे वाटते. व्याजदर उतरवायला जागा नसेल तर नुसत्या विश्वासाने कारखानदार यंत्र घेत नाही. त्याला गिऱ्हाईक लागते.

उलट टोकही टाळायला हवे. गुणक मोठा म्हणून वाटेल तेवढे कर्ज काढता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने पैशाची तजवीज न करता करकपात जाहीर केली, तेव्हा रोख्यांचे व्याजदर इतके उसळले की बँक ऑफ इंग्लंडला बाजारात उतरावे लागले. तेव्हा महागाई चढती होती; सरकारने मागणीत भर घालण्याची ती वेळच नव्हती.

आणि कापले काय जाते? मंदीत पगार आणि पेन्शन कापणे राजकीयदृष्ट्या अवघड असते. न बांधलेला पूल मात्र मोर्चा काढत नाही. त्यामुळे कात्री आधी भांडवली खर्चावर चालते, नेमकी तिथे, जिथे गुणक बहुधा मोठा असतो. लाटव्हियाला कपातीचा यशस्वी नमुना म्हणून दाखवले जाते. तिथे उत्पन्न एक पंचमांशाहून जास्त घसरले आणि मग सावरले, हे खरे. पण बेरोजगारी उतरली त्यात देश सोडून गेलेल्या तरुणांचाही वाटा होता. ते परदेशात कामाला लागले; त्यांचा करही तिथेच जमा होऊ लागला.