घटना अहवाल: चर खोदताना कामगारास उष्णतेमुळे आलेली ग्लानी

दिनांक 14 मे रोजी दुपारी 2 वाजून 50 मिनिटांनी केबलसाठी चर खोदणारा 34 वर्षांचा एक कामगार फावडे टाकून चराच्या कडेला बसला. चक्कर येते आहे, डोके ठणकते आहे आणि पोटऱ्यांत गोळे येत आहेत, असे त्याने शेजारच्या सहकाऱ्याला सांगितले. त्याला दरदरून घाम सुटला होता, हात गार पडले होते आणि चेहरा पांढराफटक दिसत होता.

त्या वेळी कार्यस्थळावरील तापमापकाने सावलीत 42 अंश सेल्सिअस दाखवले. चर छातीइतका खोल असून आत वारा लागत नसल्यामुळे प्रत्यक्ष काम करणाऱ्याला याहून अधिक उष्मा सोसावा लागत होता. काम सकाळी 8 वाजता सुरू झाले. साडेदहाला दहा मिनिटांची आणि साडेबाराला अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी झाली. मात्र दुपारी 1 पासून घटनेपर्यंत, म्हणजे सलग 1 तास 50 मिनिटे, एकदाही काम थांबले नाही. दिवसभरात सुमारे दीड लिटर पाणी प्यायल्याचे त्याने सांगितले. अशा उन्हात अंगमेहनतीच्या कामाला दर 15 ते 20 मिनिटांनी पेलाभर पाणी लागते, म्हणजे तासाला पाऊण लिटर तरी; त्या मानाने हे फारच कमी आहे. पिण्याच्या पाण्याचा जार चरापासून दीडशे मीटरवर होता, आणि पाण्यासाठी वर चढून तिथवर जाणे म्हणजे काम सोडणे, अशीच सर्वांची समजूत होती. शिवाय हा कामगार दहा दिवसांच्या रजेनंतर आदल्या दिवशीच रुजू झाला होता. उन्हाची सवय मोडलेल्या माणसाला पूर्ण पाळीचे खोदकाम द्यायला नको होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुकादमाने दोघांच्या मदतीने त्याला लगेच सावलीत नेऊन आडवे केले, पाय उंचावर ठेवले, हेल्मेट व बूट काढले, कपडे सैल केले. मान, काखा आणि जांघांवर ओली फडकी ठेवून पुठ्ठ्याने वारा घातला. तो स्वतःचे नाव, वार आणि जागा नीट सांगत होता व त्याला उलटी झाली नव्हती, म्हणून ओआरएसचे पाणी घोट घोट पाजले. काखेतील तापमान 38.4 अंश आणि नाडी मिनिटाला 118 होती. काखेतील नोंद शरीराच्या आतील तापमानापेक्षा कमी येऊ शकते, त्यामुळे केवळ आकड्यावर न विसंबता बोलण्यात गोंधळ येतो का, हे एकजण सतत पाहत राहिला. तसे झाले असते तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत तातडीने रुग्णवाहिका बोलवायची, असे ठरले होते. 25 मिनिटांनी नाडी 96 वर आली. तरीही 3 वाजून 30 मिनिटांनी त्याला सोबतीसह दवाखान्यात नेले. तेथे डॉक्टरांनी उष्णतेमुळे आलेली ग्लानी असल्याचे निदान करून दोन दिवस विश्रांती सांगितली.

15 मेपासून पाण्याचे जार प्रत्येक चराच्या तोंडाशी ठेवले आहेत. दुपारी 12 ते 4 खोदकाम बंद असून ते तास पहाटेच्या पाळीत घेतले आहेत. संबंधित कामगार परतल्यावर त्याला पहिल्या दिवशी अर्धेच काम दिले जाईल आणि विश्रांतीच्या काळाची मजुरी कापली जाणार नाही.