भागीदारी करारनाम्याच्या तपासलेल्या मसुद्यासोबतचे पत्र

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या तिघांच्या भागीदारी करारनाम्याचा मसुदा तपासून सोबत दोन प्रतींत पाठवत आहे. एका प्रतीत प्रत्येक दुरुस्ती लाल रंगात दिसेल, दुसरी स्वच्छ आहे. स्टँप पेपरवर छपाईला मात्र इतक्यात देऊ नका. चार जागा मी मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत. तिथे शब्द बदलला तर अर्थच बदलतो, आणि तो अधिकार माझा नाही.

कलम 5 मध्ये दुसऱ्या भागीदारांचे भांडवल आकड्यात ₹7,50,000 आहे, अक्षरी मात्र ‘सात लाख पाच हजार’. खरी रक्कम आपणच सांगावी. कलम 8 मधले नफ्या-तोट्याचे हिस्से 40, 35 आणि 20 टक्के आहेत. बेरीज 95 भरते. उरलेले पाच टक्के कुणाचे?

कलम 12 मध्ये बँक खाते ‘पहिल्या व दुसऱ्या भागीदाराच्या’ सहीने चालेल असे आहे, तर कलम 19 मध्ये त्याच जागी ‘किंवा’. एका शब्दाचा फरक, पण धनादेशावर एक सही पुरेल की दोन लागतील हे त्यावरच ठरणार.

सर्वांत नाजूक जागा कलम 17. ‘भागीदाराच्या मृत्यूमुळे पेढी विसर्जित होईल’ असे तिथे आहे, आणि लगेच पुढच्या कलमात उरलेले भागीदार व्यवसाय चालू ठेवतील असे म्हटले आहे. माझ्या मते टंकताना ‘होणार नाही’चे ‘होईल’ झाले. करारात वेगळे काही ठरले नसेल तर कायद्याने भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. म्हणून हे वाक्य वकिलांना दाखवूनच पक्के करावे.

बाकी दुरुस्त्या मी करून टाकल्या आहेत. कायद्याचे वर्ष 1923 पडले होते, ते 1932 केले. कलम 11 दोनदा आले होते. पुढचे सगळे क्रमांक आणि त्यांचे मजकुरातले संदर्भ नव्याने जुळवले. वर दिलेले क्रमांक नवेच आहेत. ‘संस्था’, ‘फर्म’ आणि ‘पेढी’ अशी तीन नावे फिरत होती. कलम 1 मधल्या व्याख्येप्रमाणे सगळीकडे ‘पेढी’ ठेवले. ‘दोन्ही भागीदार’ हे बहुधा जुन्या करारातून उचललेले असावे. भागीदार तीन असल्याने ‘सर्व भागीदार’ केले. ते चार ठिकाणी आहे, एकदा नजर टाका. भागिदार, मृत्यु, नियुक्ति ही ऱ्हस्व-दीर्घाची नेहमीची मंडळी निस्तरली, त्यांचा तपशील देत नाही.

नावे, पत्ते आणि पॅन क्रमांक मूळ कागदपत्रांशी ताडून पाहणे मला शक्य नव्हते. ते तिघांनी आपापले तपासावेत. सह्या झाल्यावर खाडाखोड करायची तर प्रत्येक ठिकाणी तिघांच्याही सह्या लागतील, म्हणून आत्ताच पाहिलेले बरे.

चार जागांची उत्तरे आली की त्याच दिवशी अंतिम प्रत देतो. त्याचे वेगळे शुल्क नाही.

आपला,
मुद्रितशोधक