रिक्षाच्या बारा बॅटऱ्या: सर्व्हायव्हल वक्र हाताने काढणे आणि मध्यक आयुष्य वाचणे

(तृतीय वर्ष बीएस्सी, संख्याशास्त्र, प्रात्यक्षिकासाठी सोडवलेलं उदाहरण)

कळव्यातल्या एका बॅटरीच्या दुकानातल्या वहीवर हे उदाहरण बेतलंय. आकडे वर्गात सोडवता यावेत म्हणून मी सुटसुटीत करून घेतलेत. रिक्षाला नवी बॅटरी बसवली त्या दिवसापासून ती कायमची बसेपर्यंत किती महिने गेले, हे मोजायचं आहे. दुकानदाराचा प्रश्न साधा आहे: "सर, गिऱ्हाइकाला बॅटरी किती चालेल म्हणून सांगू?"

बारा बॅटऱ्यांचे महिने, चढत्या क्रमाने:

५, ८, ८+, ११, १३+, १४, १४, १७+, १९, २२, २४+, २४+

अधिकचं चिन्ह असलेली निरीक्षणं सेन्सॉर्ड. म्हणजे तेवढे महिने बॅटरी चालली हे नक्की, पुढचं माहीत नाही. ८+ ची रिक्षा शहापूरला विकली गेली. १३+ चा मालक दुकानात यायचा बंद झाला, फोनही लागत नाही. १७+ ची बॅटरीच उशिरा बसवलेली, वही बंद केली तेव्हा ती धडधाकट होती. २४+ च्या दोन्ही त्या दिवशी चालूच होत्या.

आधी दोन चुकीची उत्तरं बघू, कारण उत्तरपत्रिकेत तीच जास्त येतात. सेन्सॉर्ड आकडे सरळ गाळले तर उरतात सात: ५, ८, ११, १४, १४, १९, २२. मध्यक १४. अधिकची चिन्हं पुसून बारा आकडे सारखेच धरले तरी सहावा आणि सातवा आकडा १४, म्हणजे मध्यक पुन्हा १४. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की विद्यार्थ्याला वाटतं बरोबरच असणार. पण दोन्हीकडे चूक एकाच दिशेची आहे: जास्त टिकलेल्या बॅटऱ्यांना एकदा हाकलून दिलं आणि एकदा मारून टाकलं.

काप्लान-मायर पद्धतीत सेन्सॉर्ड बॅटरी जेवढे महिने नजरेखाली होती तेवढे महिने मोजली जाते, मग हिशेबातून गुपचूप बाहेर पडते. एडवर्ड काप्लान आणि पॉल मायर यांचा हा लेख १९५८ चा. मायर रुग्णांच्या आकडेवारीवर काम करत होते, तर काप्लान बेल लॅबमध्ये व्हॅक्यूम ट्यूबच्या आयुष्यावर. त्यामुळे बॅटरीवर ही पद्धत लावताना संकोच नको. निम्मं माहेर तिथलंच आहे.

सूत्र:

S(t) = ∏ (1 − dᵢ/nᵢ)

S(t) म्हणजे बॅटरी t महिन्यांनंतरही चालू असण्याची संभाव्यता, nᵢ म्हणजे त्या महिन्याच्या ऐन आधी चालू आणि नजरेखाली असलेल्या बॅटऱ्या, dᵢ म्हणजे त्या महिन्यात बसलेल्या. गुणाकार फक्त बॅटरी बसल्याच्या महिन्यांवर.

| महिना | n | d | 1 − d/n | S(t) |
|---|---|---|---|---|
| ५ | १२ | १ | ११/१२ | ०.९१६७ |
| ८ | ११ | १ | १०/११ | ०.८३३३ |
| ११ | ९ | १ | ८/९ | ०.७४०७ |
| १४ | ७ | २ | ५/७ | ०.५२९१ |
| १९ | ४ | १ | ३/४ | ०.३९६८ |
| २२ | ३ | १ | २/३ | ०.२६४६ |

आठव्या महिन्याची ओळ नीट बघा. एक बॅटरी ८ ला बसली आणि दुसरी ८ लाच सेन्सॉर झाली. अशा वेळी बसलेली आधी, सेन्सॉर झालेली नंतर, असा संकेत आहे. म्हणून ८+ त्या महिन्याच्या n मध्ये धरायची आणि n = ११. त्यानंतर दोघी बाहेर, ११ व्या महिन्याला n = ९. १३+ मुळे १४ ला n = ७, आणि १७+ मुळे १९ ला ४. सेन्सॉरिंगच्या महिन्यात वक्र खाली येत नाही, पण पुढची प्रत्येक पायरी उंच होते. १९ ला बसली एकच बॅटरी, पण वक्र एकदम चौथा हिस्सा खाली आला.

आता आलेखकागद. आडव्या अक्षावर महिने, उभ्यावर ० ते १. पायऱ्याच काढायच्या: आडवी रेघ, मग सरळ खाली. सेन्सॉर्ड महिन्यांवर आडव्या रेघेवर छोटी उभी खूण. शेवटची रेघ ०.२६४६ वर २४ पर्यंत नेऊन तिथेच सोडायची. ती शून्यावर आणू नका, शेवटच्या दोन्ही बॅटऱ्या चालू आहेत.

मध्यक आयुष्य म्हणजे S(t) पहिल्यांदा ०.५ किंवा त्याहून कमी होतो तो महिना. ०.५ वर आडवी रेघ मारली की ती १९ वरच्या उभ्या पायरीला छेदते. १४ ला S अजून ०.५२९१ आहे, निम्म्याच्या वरच. मध्यक = १९ महिने. बिंदू तिरक्या रेघेने जोडले असते तर साधारण १५ वाचलं गेलं असतं, आणि त्या उत्तराला गुण नाहीत. वक्राची सपाट रेघ नेमकी ०.५ वर आली तर त्या सपाट भागाचा मध्य घेण्याचीही रीत आहे. इथे ती वेळ आली नाही. वक्र ०.५ पर्यंत खालीच आला नाही, तर "मध्यक गाठला गेला नाही" असं लिहायचं. शेवटचा महिना मध्यक म्हणून ठोकून द्यायचा नाही.

१९ वर भरवसा किती? ग्रीनवुडच्या सूत्राने प्रमाण त्रुटी:

SE = S(t) · √ Σ dᵢ / (nᵢ(nᵢ − dᵢ))

११ व्या महिन्याला बेरीज ०.०३०६, SE = ०.१२९५. ०.७४०७ वजा १.९६ × ०.१२९५ म्हणजे ०.४८७, निम्म्याच्या खाली. ८ ला मात्र खालची मर्यादा ०.६२ च्या वर राहते. म्हणून मध्यकाची ९५% खालची मर्यादा ११. वरच्या बाजूला २२ लाही ०.२६४६ + १.९६ × ०.१५३७ = ०.५६६, निम्म्याच्या वरच. म्हणजे वरची मर्यादा या आकड्यांतून निघतच नाही. बारा बॅटऱ्यांत एवढंच हाती लागतं. ताळा आर मध्ये:

```r
library(survival)
mahine <- c(5,8,8,11,13,14,14,17,19,22,24,24)
basli  <- c(1,1,0,1,0,1,1,0,1,1,0,0)
survfit(Surv(mahine, basli) ~ 1, conf.type = "plain")
```

मध्यक 19, खालची मर्यादा 11, वरची NA.

मला खरी काळजी १३+ ची आहे. सगळा हिशेब या गृहीतकावर उभा आहे की सेन्सॉर झालेली बॅटरी बाकीच्यांसारखीच होती. शहापूरला विकलेल्या रिक्षेबद्दल ते पटतं. पण न सांगता यायचा थांबलेला मालक? बॅटरी बसली म्हणून चिडून तो दुसऱ्या दुकानात गेला असेल तर? समजा ती १३ लाच बसली होती. मग १३ ला ०.७४०७ × ७/८ = ०.६४८१, आणि १४ ला × ५/७ = ०.४६३०. मध्यक १९ वरून थेट १४. एका फोन न लागणाऱ्या गिऱ्हाइकाने उत्तर पाच महिने हललं. जर्नलमध्ये हा दुसरा हिशेबही लिहा, आणि सेन्सॉर होण्याचं कारण प्रत्येक ओळीसमोर नोंदवा. वहीत तो रकानाच नसतो.

दुकानदाराला काय सांगायचं? "एकोणीस महिने चालेल" असं नक्कीच नाही, कारण तोवर निम्म्याहून जास्त बसलेल्या असतात. वॉरंटीसाठी त्याने वक्राचा डावा भाग बघावा: १२ महिन्यांना S = ०.७४, म्हणजे वर्षभराची हमी दिली तर चारातली साधारण एक बॅटरी परत येईल. ते परवडतं का, हे गल्ल्यावर बसणाऱ्याने ठरवायचं.