ओल्या कचऱ्याचा डबा वेगळा

(दृश्य : सांगलीच्या गावभागातील अरुंद बोळ. घंटागाडी थांबते. गाठ सोडलेल्या पिशवीत चहाचा चोथा, भिजलेले वर्तमानपत्र, फुटकी काच.)

निवेदन : गाठ मारून दिलेली पिशवी आपल्यापुरती संपते, परंतु ती सोडणाऱ्या सफाई कर्मचाऱ्याच्या बोटांना हीच काच लागते आणि रद्दीत सहज गेला असता असा कागद चोथ्यात भिजून वाया जातो. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा वेगळा करण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्याची, म्हणजे आपलीच आहे.

(दृश्य : ओट्याखालचा झाकणाचा डबा.)

निवेदन : येत्या सोमवारपासून स्वयंपाकघरातील ओला कचरा पिशवीत न बांधता वेगळ्या डब्यातून घंटागाडीत द्यावा, एवढीच विनंती आहे. रंगाचा रिकामा झालेला जुना डबा असला तरी चालेल.