फ्लॅट सोडतानाची पाहणी, फोंडा, दुसरा मजला, टू बीएचके (31 मे 2025, शनिवार संध्याकाळी)

सोबत: भाडेकरू दादा-वहिनी, काकीच्या वतीने मी. काकी व्हिडिओ कॉलवर.
राहिले: 1 ऑगस्ट 2023 ते 31 मे 2025, म्हणजे अकरा-अकरा महिन्यांची दोन अ‍ॅग्रीमेंटं, 22 महिने. डिपॉझिट 45,000.
कशाशी ताडलं: आत येताना दोघांनी सही केलेला दोन पानी कागद आणि 31 फोटो. जे त्या कागदात किंवा फोटोत नाही त्याचे पैसे कापायचे नाहीत, हे सुरुवातीलाच ठरलं, काकी जरा कुरकुरली पण मानली.

हॉल
☑ भिंती: रंग विटलाय, सोफ्यामागे डोकं टेकून तेलकट डाग. 22 महिन्यांत एवढं होणारच. काही नाही.
☑ टीव्हीच्या भिंतीला ड्रिलची सहा भोकं, फोटो 3 मध्ये भिंत स्वच्छ आहे. खिळा वेगळा आणि रावळप्लग वेगळा, त्यामुळे लांबी भरून टचअपचे 300.
☑ छताला चार हूक, आधी नव्हते. चवथीच्या माटोळीसाठी दादांनी मारले. मी लिहायला घेतलं तर काकी कॉलवरून ओरडली, "ते काढू नका हां, पुढच्याला लागतील!" काही नाही.
☑ पंखा, रेग्युलेटर, ट्यूब चालू.

मोठी बेडरूम
☑ पश्चिमेच्या भिंतीला ओल, पोपडे, खाली काळी बुरशी. यावरूनच जास्त बोलाचाली झाली. काकीचं म्हणणं, "खिडक्या बंद ठेवून कपडे आत वाळत घातले म्हणून झालं." पण फोटो 14 मध्ये त्याच कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढा डाग दिसतो, आणि जून 2024 मध्ये वहिनींनी फोटोसकट मेसेज टाकलेला, "बाहेरून पाणी येतंय", त्यावर आपण काहीच केलं नाही. बाहेरच्या प्लास्टरला चीर आहे, मी बाल्कनीतून वाकून बघितली, यंदा पाऊस मे मध्येच आल्याने ती ओलीच होती. बिल्डिंगचं काम, मालकाकडे. काही नाही.

छोटी बेडरूम
☑ एका भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत स्केचपेन, एक आगगाडी तर दारापासून खिडकीपर्यंत गेलीय आणि खरं सांगायचं तर चांगली काढलीय. ओल्या फडक्याने जात नाही. पेंटरने एका भिंतीचे 2,400 सांगितले. रंग जुलै 2023 चा, तो 48 महिने टिकतो असं कागदात धरलंय, 22 वापरून झाले, उरले 26. 2,400 × 26 ÷ 48 = 1,300. काकीला अख्ख्या घराच्या रंगाचे 18,000 हवे होते, ते बसत नाही, रंग तर आपल्याला तसाही काढायचाच होता.
☑ मच्छरजाळी: एक पल्ला मांजराने फाडलाय, 450. दुसरा नुसता जीर्ण होऊन सुटलाय, त्याचे नाही.

किचन
☑ ओटा, सिंक ठीक. नळ ठिबकतो, वॉशर गेलाय, वापरानेच जातो.
☑ ओट्याखालच्या कपाटाचं बिजागर उपटलंय, फोटो 22 मध्ये दार सरळ आहे. सुतारासकट 350.

बाथरूम
☑ गीझर तापत नाही. 2019 चा आहे, कॉइल गेली असणार. काही नाही.
☑ बेसिनचा टवका: फोटो 27 मध्ये आधीपासूनच आहे.
☑ आरशावर काळे ठिपके: आधीचा फोटोच नाही, चूक आमची. काही नाही.

किल्ल्या: दिल्या तीन, आल्या दोन. डुप्लिकेटचे 150. किल्ली जत्रेत पडली, तिच्यावर ना पत्ता ना नाव, म्हणून अख्खं कुलूप बदलायचे 1,800 लावत नाही, काकीला बदलायचंच असेल तर तिच्या खर्चाने.

मीटर: शेवटचं बिल 6,241 पर्यंत भरलंय, आज रीडिंग 6,388, फोटो काढला. 147 युनिटचं बिल वीज खात्याकडून यायचंय, त्यासाठी 900 तात्पुरते अडकवलेत. बिल आलं की त्याच दिवशी फोटो पाठवून हिशोब, उरलेले परत, कमी पडले तर दादा देतील. पाण्याचं बिल भरलेलं, पावती बघितली.

साफसफाई: घर झाडून-पुसून दिलंय, चिमणीची जाळीसुद्धा घासलीय. पैसे नाहीत.

हिशोब
300 + 1,300 + 450 + 350 + 150 = 2,550 कापले
45,000 − 2,550 = 42,450
विजेसाठी 900 बाजूला, आज देणं 41,550

दादांनी बिजागरावर विचारलं, "मीच बसवून दिलं तर?" सोमवारी संध्याकाळपर्यंत नीट बसवलं तर 350 सुद्धा परत, दार उघडझाप करून बघणार. 41,550 काकीच्या खात्यातून रात्री 8:10 ला गेले, दादांनी मिळाल्याचं सांगितलं, दोन किल्ल्या माझ्याकडे. या कागदाचा फोटो तिघांकडे आहे.