भूगोलाच्या सरांचा निरोप समारंभ: मनोगत

आदरणीय मुख्याध्यापिका बाई, सहकारी मित्रमैत्रिणींनो, विद्यार्थ्यांनो आणि आजचे सत्कारमूर्ती, आपले सर,

सर आज नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहेत. भाषण करायची जबाबदारी माझ्यावर आली, म्हणून परवा शिक्षकांच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘सरांची एकेक आठवण टाका.’ रात्री उशिरापर्यंत फोन वाजत होता. त्यातलं निम्मं इथे सांगता येणार नाही, समोर विद्यार्थी बसलेत.

सर्वात जास्त लोकांनी सहल आठवली. बस भलत्याच फाट्याला वळली होती आणि पुढच्या सीटवर आपले भूगोलाचे सर. कुणीतरी विचारलं, तर सर शांतपणे म्हणाले, “दिशा बरोबर आहे, फक्त रस्ता चुकलाय.” तेव्हापासून स्टाफरूममध्ये कुणाचंही काही बिघडलं की हेच वाक्य ऐकू येतं.

गणिताच्या बाईंनी एका उत्तरपत्रिकेची गोष्ट टाकली. एका मुलाने लिहिलं होतं, ‘पृथ्वी गोल आहे, कारण ती गोल गोल फिरते.’ सरांनी समासात लाल पेनने लिहिलं, ‘मग पंखा?’ आणि अर्धा गुण दिला. बाईंनी विचारलं, अर्धा कशाचा? तर म्हणाले, “कारण द्यायचा प्रयत्न केलाय ना त्याने.”

ग्रुपवरचा सरांचा अंगठा तर प्रसिद्धच आहे. सूचना कोणतीही असो, पहिला अंगठा सरांचा. पगार लांबणार असल्याच्या निरोपालासुद्धा! ऑफ तासांची वही फिरायला लागली की आमच्यातल्या बऱ्याच जणांना अचानक वाचनालयात काम निघायचं, हे आज मुख्याध्यापिका बाईंसमोर कबूल करायला हरकत नाही. सर मात्र वही येण्याआधीच उठलेले असायचे.

एक आठवण मात्र ग्रुपवर आली नाही, ती मला वेगळी पाठवली गेली. आमच्या एका तरुण सहकाऱ्याचा इथला पहिलाच आठवडा. नववीचा वर्ग काही केल्या ऐकेना. तेवढ्यात सर दारात आले. “जरा एक खडू मिळेल का?” म्हणाले, खडू घेतला, मागच्या बाकापाशी मिनिटभर उभे राहिले आणि निघून गेले. वर्ग चिडीचूप. जाताना त्यांच्या शर्टाच्या खिशातून दोन खडू डोकावत होते, ते त्या सहकाऱ्याने पाहिलं. सरांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही, मुख्याध्यापकांकडेही नाही आणि स्टाफरूममध्येही नाही. ज्याने मला हे लिहिलं, तो आज इथेच बसलाय. नाव सांगायचं नाही असं ठरलंय.

सर, शाळेच्या वतीने आपल्याला आणि घरच्या सर्वांना उत्तम आरोग्यासाठी मनापासून शुभेच्छा. एकच विनंती, ग्रुप सोडू नका. अ‍ॅडमिन मी आहे. सोडलात तर पुन्हा घेईन.

आता सरांनी आपलं मनोगत व्यक्त करावं, अशी त्यांना विनंती करतो.