विषय: क्वालिटी एक्झिक्युटिव्ह (द्राक्ष एक्स्पोर्ट), पिंपळगाव बसवंत पॅकहाऊस – मागच्या सोमवारच्या अर्जाबद्दल

नमस्कार मंगेश सर,

मी स्वाती, निफाडहून लिहितेय. मागच्या सोमवारी तुमच्या पिंपळगावच्या पॅकहाऊससाठी क्वालिटी एक्झिक्युटिव्हच्या पोस्टला ऑनलाइन अर्ज केला होता. पोर्टलवर "अर्ज मिळाला" एवढं आलं, त्यानंतर काही कळलं नाही, म्हणून हा मेल. सीझनच्या तोंडावर तुमच्याकडे एकाच वेळी बऱ्याच पोस्टची भरती चालू असणार, अर्जही खूप आले असतील, त्यामुळे उशीर होतोय हे समजू शकते. घाई करायची म्हणून लिहीत नाहीये, पण या कामात मला मनापासून रस आहे आणि सीव्हीच्या दोन पानांत ज्या गोष्टी नीट बसल्या नाहीत त्या तुमच्यापर्यंत पोचाव्यात असं वाटतं.

थोडक्यात सांगायचं तर मी राहुरी विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजमधून बीएस्सी अ‍ॅग्री केलंय, आणि सध्या दिंडोरी तालुक्यातल्या एका एक्स्पोर्टरकडे क्वालिटीमध्ये आहे. हा माझा तिसरा सीझन. सुरुवात लाइनवर पनेट चेक करण्यापासून झाली, आता इनवर्डपासून कंटेनर लोडिंगपर्यंतचं क्वालिटीचं रेकॉर्ड माझ्याकडे असतं. म्हणजे गाडी आली की ब्रिक्स, मण्याची साइज, देठाचा हिरवेपणा, कूज-तडा किती, हे सगळं प्लॉटच्या नंबरसकट लिहायचं आणि माल घ्यायचा की नाही ते सुपरवायझरला सांगायचं.

तुमच्या जाहिरातीत दोन गोष्टींवर भर दिलाय असं मला वाटलं, एक म्हणजे युरोपच्या रेसिड्यू नियमांची माहिती आणि दुसरं शेतकऱ्यांशी थेट बोलता येणं. या दोन्हीसाठी मी अर्ज केलाय असं म्हटलं तरी चालेल. आमच्या घरची द्राक्षाची बाग आहे, ऑक्टोबर छाटणीनंतर डिपिंग, थिनिंग, फवारण्या हे सगळं लहानपणापासून बघत आलेय, त्यामुळे शेतकरी जेव्हा "ताई, पाऊस झाला म्हणून मारावंच लागलं" असं म्हणतो तेव्हा त्याने काय मारलं असेल आणि कितव्या दिवशी मारलं असेल याचा अंदाज येतो, आणि तो खरं सांगेल अशा पद्धतीने विचारताही येतं. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली तेव्हा आमच्या भागातल्या लोकांना त्याचा मोठा फटका बसला होता, त्याच्या गोष्टी घरात अजून निघतात. म्हणून ग्रेपनेटवरची प्लॉट नोंदणी, फवारणीची डायरी, अनेक्शर ५ मधली औषधं, शेवटची फवारणी आणि तोडणी यातलं अंतर, हे माझ्यासाठी फक्त फाइलमधले कागद नाहीत. सॅम्पल लॅबला जायच्या आधीच डायरी नीट वाचली तर बरेचसे प्लॉट कुठे अडकणार ते तिथेच कळतं, आणि शेतकऱ्याचं नुकसान व्हायच्या आत त्याला थांबायला सांगता येतं. हे काम मला आवडतं आणि पॅकहाऊसमध्ये बसून फोनवर अर्धंच होतं, प्लॉटवर जावं लागतं. माझ्याकडे टू-व्हीलर आहे, लायसन्स आहे, निफाड, चांदवड, दिंडोरी हा सगळा पट्टा पायाखालचा आहे.

पॅकहाऊसच्या आतलं एक उदाहरण देते, कारण तुमच्या जाहिरातीत कोल्ड चेनचा उल्लेख होता. गेल्या सीझनला मी प्री-कूलिंगमध्ये फक्त रूमच्या डिस्प्लेवर विसंबून न राहता पॅलेटच्या मधल्या बॉक्समधल्या मण्यात प्रोब घालून तापमान घ्यायला सुरुवात केली. डिस्प्ले शून्याच्या जवळ दाखवतो पण मधला माल बऱ्याचदा अजून गरमच असतो, आणि तसाच बॉक्स पुढे गेला की आत पाणी सुटतं, त्या ओलाव्याने सल्फर पॅड एकदम गॅस सोडतो आणि देठाजवळ मणी पांढरे पडतात. तिकडे बायरने बॉक्स उघडला की पहिल्यांदा तेच दिसतं. आता आमच्याकडे मधल्या बॉक्सचं रीडिंग रजिस्टरला लिहिल्याशिवाय पॅलेट कोल्ड स्टोअरला हलत नाही. २०२४ च्या सुरुवातीला लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, तेव्हापासून तर या गोष्टीचं महत्त्व अजूनच वाढलंय. माल नाशिकहून निघताना दिसतो कसा यापेक्षा रॉटरडॅमला उघडल्यावर कसा दिसेल, हा विचार करून चेक करायची सवय मला लागलीय.

जाहिरातीत बायरशी इंग्रजीत मेलवर बोलता यायला हवं असंही होतं. लोडिंग रिपोर्ट आणि फोटोसोबत जाणारे मेल सध्या मीच लिहिते. कॉलवर बोलायचं काम आमच्याकडे मॅनेजर करतात, त्यामुळे तो अनुभव कमी आहे, पण इंग्रजी बोलायला अडचण नाही, इंटरव्ह्यूत तुम्ही हवं तर तो भाग इंग्रजीतच घ्या. एक्सेल रोज वापरते. ग्लोबल गॅपच्या ऑडिटला गेल्या वर्षी ट्रेसेबिलिटीची टेस्ट माझ्याकडे होती, ऑडिटरने लोड झालेल्या मालातला एक बॉक्स नंबर दिला आणि मी तिथून मागे शेतकऱ्याच्या प्लॉटपर्यंतचे सगळे कागद समोर ठेवले.

नोटीस पीरियड एक महिन्याचा आहे. या महिन्यात निर्णय झाला तर जानेवारीत मेन तोडणी सुरू व्हायच्या आधी मी जॉइन होऊ शकते, आणि शक्यतो तेव्हाच यायला आवडेल कारण सीझनच्या मधे सध्याच्या टीमला सोडून निघणं मला बरोबर वाटत नाही. सीझनमध्ये रात्रीचं लोडिंग, रविवार, हे सगळं माहीत आहे आणि घरच्यांनाही माहीत आहे. निफाडहून पिंपळगाव जवळच आहे, राहण्याची सोय लागणार नाही. पगाराचं बोलणं भेटल्यावर करू, त्यावरून अडणार नाही असं वाटतं.

सीव्ही परत जोडलाय. सोबत मी बनवलेलं इनवर्ड चेकिंगचं फॉरमॅटही पाठवतेय, त्यात कंपनीची किंवा शेतकऱ्यांची कुठलीही माहिती नाही, फक्त रिकामं फॉरमॅट आहे. ते बघितलं तर मी काम कसं करते याचा अंदाज येईल.

सर, एवढंच विचारायचं होतं की माझा अर्ज अजून विचारात आहे का, आणि पुढचा राउंड साधारण कधी असेल. पोस्ट भरली असेल तर तसं एका ओळीत कळवलंत तरी खूप मदत होईल. आणि फील्ड ऑफिसरची किंवा रेसिड्यू मॉनिटरिंगची एखादी जागा निघणार असेल तर त्यासाठीही माझं नाव जरूर धरा. फोन करायचा असेल तर दुपारी एक ते दोन किंवा संध्याकाळी सातनंतर मी मोकळी असते, नंबर सीव्हीवर आहे. पॅकहाऊसला बोलावलंत तर मंगळवारी सुट्टी असते, त्या दिवशी कधीही येऊ शकते.

वेळ काढून वाचलंत त्याबद्दल मनापासून धन्यवाद.

आपली,
स्वाती
निफाड, जि. नाशिक

सोबत: सीव्ही, इनवर्ड चेकिंग फॉरमॅट